इंग्रजीतला श्वा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलण्याच्या इंग्रजीचे वर्ग घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. मराठी माणसाला श्वा उच्चारता येत नाही असं अजिबात नाही. हा स्वर आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. अडचण येते ती तो कुठे वापरायचा हे न कळल्यामुळे. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि वाचकांनी सतत पाठवलेले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडनिडे नंतर.

इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहिताना जिथे श्वा आहे तिथे साधा अ लिहिला आहे. शब्दकोशात त्याची खूण ə अशी असते, म्हणजे उलटा केलेला छोटा ई. शब्दकोशातला उच्चार दिला असेल तिथे तो ब्रिटिश समजावा.

१. श्वा म्हणजे नेमकं काय?

तोंड जरासं उघडं, जीभ मध्ये सैल पडलेली, ओठ ना गोल ना ताणलेले. अशा स्थितीत घशातून आवाज सोडला की जो आखूड, पुसट स्वर निघतो तो श्वा. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच आहे, तरी त्याला वर्णमालेत स्वतःचं अक्षर नाही.

नाव हिब्रूतून आलं आहे. त्या लिपीत अक्षराखाली एकाखाली एक असे दोन ठिपके देतात, त्या खुणेला 'श्वा' म्हणतात. तिथून ते जर्मन भाषाशास्त्रज्ञांकडे आणि पुढे सगळीकडे गेलं.

श्वा येतो तो बिनआघाती अवयवात, म्हणजे शब्दाच्या जोर न दिलेल्या तुकड्यात, सिलेबलमध्ये. इंग्रजी शब्दात एक अवयव जोर लावून, जरा लांबवून म्हटला जातो. बाकीच्या अवयवांना वेळही कमी मिळतो आणि जोरही कमी मिळतो. जीभ आ, ए, ओ यांच्या जागेपर्यंत पोचतच नाही, मध्येच राहते आणि स्वर पुसट होतो.

२. मग तो आपला 'अ'च ना?

आवाज जवळजवळ तोच आहे, पण काम वेगळं आहे. मराठीत 'कमळ' म्हणताना क आणि म दोन्हींतला अ पूर्ण हक्काचा स्वर आहे. तो आणखी कुठल्या स्वराचा झिजलेला अवशेष नाही, आणि त्याच्यावर जोर दिला तरी तो अच राहतो. इंग्रजी श्वा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी अक्षराच्या जागी बसलेला असतो, आणि जोर आला की तो तिथून उठतो.

आणखी एक गुंता आहे. 'कप', 'बस', 'लव्ह' यांतला स्वरही आपल्याला अ असाच ऐकू येतो. तो आघाती असतो, जरा जास्त उघडा असतो, आणि ब्रिटिश शब्दकोश त्याला ʌ ही वेगळी खूण देतात. 'अबव्ह' हा शब्द घ्या. त्यात दोन्ही आहेत: पहिला अ श्वा, दुसरा ʌ. मराठी कानाला दोन्ही सारखेच वाटतात आणि बोलताना त्याने फारसं बिघडत नाही, मात्र दुसऱ्या अवयवावर जोर हवा.

३. स्पेलिंगमधल्या कुठल्या अक्षराचा श्वा होतो?

कुठल्याही स्वराक्षराचा. 'अबाउट'मध्ये तो ए या अक्षराचा आहे, 'टेकन'मध्ये ईचा, 'पेन्सल'मध्ये आयचा, 'लेमन'मध्ये ओचा आणि 'सर्कस'मध्ये यूचा.

म्हणून स्पेलिंगकडे बघून श्वा शोधायचा प्रयत्न सोडून द्यावा. बनाना या शब्दात एकच अक्षर तीनदा आहे: बी-ए-एन-ए-एन-ए. तरी उच्चार ब-ना-न असा होतो. मधल्या अवयवावर आघात आहे म्हणून तिथे पूर्ण स्वर आला, कडेचे दोन्ही पुसट झाले. अमेरिकेत मधला ना थोडा नॅकडे झुकतो, पण कडेचे दोन अ तिथेही तसेच राहतात. आपण तिन्ही ए सारख्याच निष्ठेने म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला जोर कुठे आहे ते कळत नाही.

४. 'फोटोग्राफ' मी बरोबर म्हणतो, पण 'फोटोग्राफर' म्हटलं की परदेशी सहकारी पुन्हा विचारतात. असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण या एका शब्दकुळात सगळा मामला उलगडतो. शब्दकोशातल्या तीन नोंदी शेजारी ठेवा:

```
/ˈfəʊtəɡrɑːf/
/fəˈtɒɡrəfə/
/ˌfəʊtəˈɡræfɪk/
```

वरची उभी छोटी रेघ पुढच्या अवयवावर मुख्य आघात असल्याचं सांगते, खालची रेघ दुय्यम आघात दाखवते.

पहिल्या शब्दात, म्हणजे फोटोग्राफमध्ये, आघात फो वर आहे. दुसरा ओ बिनआघाती, म्हणून त्याचा श्वा झाला: फो-ट-ग्राफ. आपण फो-टो-ग्राफ म्हणतो. एकच स्वर वेगळा आहे आणि जोर बहुतेक वेळा योग्य जागी पडतो, म्हणून कुणाला अडत नाही.

फोटोग्राफरमध्ये आघात एक पाऊल पुढे सरकतो आणि सगळं चित्र उलटतं. मघाशी दणदणीत असलेला फो आता फ झाला. मघाशी पुसट असलेला ट आता टॉ झाला. ग्राफचा ग्र झाला. फ-टॉ-ग्र-फ. तीन श्वा आणि मध्ये एकच ठसठशीत स्वर. आपण मात्र मूळ शब्दाला 'र' जोडतो: फो-टो-ग्रा-फर. ऐकणारा टॉ ची वाट बघत असतो आणि त्याच्या कानावर फो आणि ग्रा आदळतात. पहिल्या तीन अवयवांतला एकही त्याच्या अपेक्षेशी जुळत नाही. म्हणून तो पुन्हा विचारतो.

तिसऱ्या शब्दात आघात आणखी पुढे जातो: फो-ट-ग्रॅ-फिक. आता ग्र ला पुन्हा पूर्ण स्वर मिळाला, आणि फो ला दुय्यम आघात असल्यामुळे त्याचाही स्वर टिकला.

एकच ओ अक्षर, एकच धातू, पण आघात जाईल तिथे स्वर जागा होतो आणि निघून गेला की मावळतो. सराव करताना मी टेबलावर टकटक करायला सांगतो. फक्त टॉ वर जोरात, बाकी तिघांवर बोट नुसतं टेकवायचं. दोन-तीन मिनिटांत फ आणि ग्र आपोआप आखूड होतात. श्वा मुद्दाम काढायला गेलं तर तो जोरात निघतो आणि मग तो श्वा राहत नाही. आघाताची जागा आधी पक्की करावी.

५. आघात कुठे आहे हे कसं ओळखायचं?

खात्रीचा मार्ग शब्दकोशातली ती उभी रेघ. चांगल्या ऑनलाइन शब्दकोशात तिच्यासोबत ध्वनीही ऐकायला मिळतो.

काही शेपट्या मात्र भरवशाच्या आहेत. शब्दाच्या शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर आघात जवळजवळ नेहमीच त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. एज्युकेशनमध्ये के वर, फोटोग्राफिकमध्ये ग्रॅ वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये ट्रि वर. म्हणून इलेक्ट्रिकमध्ये लेक वर असलेला जोर इलेक्ट्रिसिटीत पुढे सरकतो. अपवाद आहेत (पॉलिटिक्समध्ये आघात पहिल्याच अवयवावर आहे), पण नवा लांब शब्द समोर आला की या तीन शेपट्यांपासून सुरुवात करावी.

नाम आणि क्रियापद एकाच स्पेलिंगचे असतील तर नामात आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदात दुसऱ्यावर, असं पुष्कळदा दिसतं. करार या अर्थी कॉन-ट्रॅक्ट, आकुंचन पावणे या अर्थी कन-ट्रॅक्ट. आघात उठला की कॉनचा कन झाला.

६. 'कलेक्टर', 'कमिटी' आपण नीट म्हणतो. मग 'प्रोफेसर', 'कॉम्प्युटर', 'सोसायटी'मध्ये का चुकतो?

कॉलेज आणि कलेक्टर या दोन शब्दांची पहिली पाच इंग्रजी अक्षरं अगदी सारखी आहेत: सी-ओ-एल-एल-ई. तरी मराठीत एक कॉ ने सुरू होतो आणि दुसरा क ने. कॉमन आणि कमिटीचंही तेच. सी-ओ-एम-एम ही चार अक्षरं समान आहेत, आणि आपण एकीकडे कॉ, दुसरीकडे क म्हणतो. हे इंग्रजीशी तंतोतंत जुळतं: कॉलेज आणि कॉमनमध्ये आघात पहिल्या अवयवावर आहे, कलेक्टर आणि कमिटीत दुसऱ्यावर. कमिशनर, मशीन, कनेक्शन यांचंही तसंच. खेड्यातला माणूस शाळेत एक दिवसही न जाता कलेक्टर कचेरीत श्वा बरोबर लावतो.

माझं निरीक्षण असं आहे की जे शब्द आपण ऐकून उचलले त्यांत श्वा शाबूत राहिला, आणि जे छापलेल्या अक्षरांवरून वाचले त्यांत ओ दिसला म्हणून ओ किंवा ऑ आला. प्रोफेसरचा इंग्रजी उच्चार प्र-फे-स, कॉम्प्युटरचा कम-प्यू-ट, सोसायटीचा स-साय-अ-टी. तिन्हींत पहिला अवयव बिनआघाती आहे.

मराठी वाक्यात 'आमची ससायटी' म्हणायला मी सांगत नाही. मराठीत सोसायटी हाच शब्द आहे. इंग्रजी वाक्यात तो आला की मात्र सा वर जोर द्या, पहिला अवयव आपोआप स होईल.

७. मी फोनवर 'आय कॅन' म्हटलं, समोरच्याने 'कान्ट' असं ऐकलं. हे कसं शक्य आहे?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हे घडलं. अमेरिकेतल्या टीमशी तिचा कॉल होता. सोमवारी येऊ शकते असं तिने सांगितलं: आय कॅन कम ऑन मंडे. पाचही शब्द सारख्या जोराने, कॅन स्वच्छ आणि पूर्ण. पलीकडच्याने बैठक मंगळवारी ढकलली. तिला वाटलं आवाज तुटला असेल. आवाज तुटला नव्हता.

इंग्रजीत व्याकरणापुरते येणारे छोटे शब्द दोन रूपांत असतात, एक सबळ आणि एक दुबळं. वाक्याच्या मध्ये, क्रियापदाआधी आलेल्या कॅनचं रूप कन असतं, आणि ते इतकं पुसट की कधी नुसता 'क्न' उरतो: आय कन कम. नकारार्थी शब्द मात्र कधीच दुबळा होत नाही, त्याचा स्वर पूर्ण राहतो. अमेरिकन बोलीत तो कॅन्ट असतो आणि शेवटचा ट पुष्कळदा घशातच अडतो, नीट फुटत नाही. त्यामुळे ट ऐकू आला की नाही यापेक्षा स्वर कसा आहे यावर ऐकणाऱ्याचा कान ठरवतो. पुसट स्वर असेल तर होकार, ठसठशीत कॅ असेल तर नकार. तिने ठसठशीत कॅ म्हटलं आणि तिचा होकार नकार ठरला.

उपाय दोन आहेत. कन आखूड ठेवायचं आणि जोर कम वर द्यायचा. नकार द्यायचा असेल तर तोच शब्द लांबवायचा आणि ट फोडायचा. ब्रिटिश पद्धतीने कान्ट म्हटलं तर गोंधळ आणखी कमी होतो, कारण आ आणि अ मध्ये अंतर मोठं आहे. पण होकारातला कॅन तरीही दुबळा हवाच.

८. असे छोटे शब्द आणखी कुठले? आणि ते पूर्ण कधी म्हणायचे?

टू चं ट होतं, ॲट चं अट, फ्रॉम चं फ्रम, वॉज चं वझ, अँड चं अन किंवा नुसता न. ऑव्ह तर इतका झिजतो की 'कप ऑफ टी' हे 'कप अ टी' असं ऐकू येतं.

वाक्याच्या शेवटी आलेला शब्द दुबळा होत नाही. 'व्हेअर आर यू फ्रॉम' मध्ये फ्रॉम पूर्ण म्हणायचा, 'आय ॲम फ्रम नाशिक' मध्ये पुसट. 'येस, आय कॅन' मध्येही कॅन पूर्णच, कारण त्याच्यापुढे काही नाही.

दॅट हा शब्द जरा फसवा आहे. 'ते' या अर्थी असेल तर तो नेहमी पूर्ण, 'की' या अर्थी असेल तर दुबळा. 'मला वाटतं की ते चूक आहे' हे इंग्रजीत म्हणताना दोन्ही शेजारी येतात: आय थिंक दट दॅट इज रॉंग. पहिला श्वा, दुसरा पूर्ण.

९. 'चॉकलेट', 'कॅमेरा', 'फॅमिली' म्हणताना ते मधला अवयव गिळतात. तो श्वा का?

हो, तो श्वाच गळलेला असतो. चॉक-लट, कॅम-र, फॅम-ली. आपणही हेच करतो. लिहितो 'करतो' आणि म्हणतो कर्तो, लिहितो 'घर' आणि म्हणतो घर्.

इंग्रजीत हा गळणारा श्वा बहुधा आघाती अवयवानंतर येतो, त्याच्यापुढे र किंवा ल असतो आणि त्याच्याही पुढचा अवयव बिनआघाती असतो. शेवटची अट महत्त्वाची आहे. 'वेगळा' या अर्थी सेपरेट हा शब्द सेप-रट असा दोन अवयवी होतो. 'वेगळं करणे' हे क्रियापद असेल तर शेवटच्या रेट ला पूर्ण स्वर आहे, म्हणून मधला श्वा सहसा टिकतो: से-प-रेट.

आघाताच्या आधीचा श्वा मात्र गिळू नये. सपोर्ट मधला पहिला अ गेला की स्पोर्ट उरतो.

१०. 'डॉक्टर', 'टीचर' यांच्या शेवटचा र म्हणायचा की नाही?

लंडनकडच्या प्रमाण उच्चारात र नाही, नुसता श्वा आहे: डॉक-ट. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की र परत येतो, उदाहरणार्थ डॉक्टर इज. अमेरिकेत र ऐकू येतो, पण तो श्वात मिसळलेला असतो. जीभ टाळूला न लागता मागे वळते. दोन्हींपैकी काहीही निवडा. शेवटच्या अवयवावर जोर पडू देऊ नका, इतकंच पाहा.

११. बिनआघाती अवयव दिसला की डोळे मिटून श्वा लावायचा का?

नाही. अती उत्साहाने केलेली ही चूक मी बऱ्याचदा ऐकतो. ऑक्टोबरमध्ये आघात टो वर आहे, तरी पहिला ऑ पूर्णच राहतो, त्याचा अक्टोबर होत नाही. जिमनॅस्टच्या दुसऱ्या अवयवात ॲ टिकतो.

शब्दाच्या शेवटी ई, ऊ, ओ असे स्वर असतील तर तेही प्रमाण उच्चारात टिकतात: हॅपी, व्हॅल्यू, फोटो. शेवटी ए हे अक्षर असेल तर मात्र बहुतेक वेळा श्वा: सोफ, कॅनड. इथे आपण आ लावतो, सोफा आणि कॅनडा. मराठीत ते योग्यच आहे, इंग्रजीत तो शेवटचा स्वर आखूड करावा.

कुठे पूर्ण स्वर टिकेल याचा छोटा नियम माझ्यापाशी नाही. शंका आली की शब्दकोश उघडावा, मीही तेच करतो.

१२. एकाच शब्दाला एक शब्दकोश ə देतो, दुसरा ɪ. खरं कोणतं?

दोन्ही. बिनआघाती जागेत श्वासारखाच एक पुसट, आखूड इ सुद्धा येतो. ब्रिटिश प्रमाण उच्चारात तो श्वापासून वेगळा ठेवायची परंपरा आहे. ऑस्ट्रेलियात आणि पुष्कळ अमेरिकन लोकांच्या बोलण्यात दोघे एकत्र येतात. तिथे रशियाचा लेनिन आणि बीटल्समधला लेनन ही दोन आडनावं सारखीच ऐकू येतात. आपल्याला इ सोपा वाटत असेल तर इ म्हणावा. दोन्हींत स्वर आखूड आणि बिनजोराचा असला म्हणजे झालं.

१३. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही स्पेलिंग चुकवतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. त्यांच्या कानाला ग्रामरच्या शेवटी फक्त श्वा ऐकू येतो, मग तिथे ए लिहायचा की ई हे कानावरून कळणार कसं? आपण अक्षरं वाचून शब्द शिकतो म्हणून या एका बाबतीत आपण बरे असतो.

शंका आली तर त्याच कुळातला असा शब्द शोधावा जिथे आघात त्या जागेवर येतो. ग्रामॅटिकल म्हटलं की ॲ स्पष्ट ऐकू येतो, म्हणजे ग्रामरच्या शेवटीही ए. डेफिनेटमध्ये आय की ए? डेफिनिशन म्हणून पाहा, नि वर आघात येतो आणि आय उघडा पडतो. प्रश्न ४ मधलीच सरकाव इथे स्पेलिंगच्या कामी येते.

१४. भारतीय इंग्रजीत श्वा कमीच असतो. मग आपण चुकीचं बोलतो का?

आपापसांत मुळीच नाही. आपल्या इंग्रजीत अवयवांना बऱ्यापैकी सारखा वेळ मिळतो, स्वर पूर्ण राहतात, आणि ऐकणाराही तशाच लयीचा असतो. पुण्याहून चेन्नईला फोन लावून फोटोग्राफर म्हटलं तर कुणी पुन्हा विचारत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. एक प्रश्न ४ आणि ७ मध्ये आली आहे. दुसरी ऐकण्यात: समोरचा 'अन', 'ट', 'कन' म्हणतो आणि आपण पूर्ण शब्दांची वाट बघत बसतो. म्हणून बोलण्यात श्वा नको असेल त्यानेही ऐकण्यासाठी तो शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या मुलाखतीचं अर्धं मिनिट घ्या, ऐकत ऐकत लिहून काढा, मग उपशीर्षकांशी ताडून पाहा. सुटलेले शब्द बहुतेक प्रश्न ८ मधलेच निघतात.

१५. श्वावर जोर कधीच देता येत नाही का?

जोर द्यायला गेलं की तो बदलतो. 'अ बुक' म्हणताना अ हा श्वा आहे. पण 'एकच पुस्तक म्हणालो, तेच पुस्तक नव्हे' असं ठासून सांगायचं असेल तर त्याचा ए होतो आणि 'द' चा दी होतो. अफेक्ट आणि इफेक्ट यांतला फरक फोनवर सांगताना इंग्रज माणूसही पहिल्या अवयवावर जोर देतो, आणि अ च्या जागी ॲ, आखूड इ च्या जागी लांब ई म्हणून दाखवतो. एरवी त्याच्या बोलण्यात ते दोन शब्द वेगळे ओळखू येणं कठीण असतं, आणि त्यालाही वाक्यातल्या संदर्भावरच विसंबावं लागतं.